निसाब एक, पर्चे निराळे

गेल्या सुट्टीत आमची भाची घरी आली ती चेहरा पाडूनच. बारावीनंतर बी.फार्म.ला प्रवेश मिळाला तेव्हा साऱ्या खानदानात मिठाई वाटली होती. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि 'फार्मास्युटिकल अ‍ॅनालिसिस' या विषयात ती अडकली. लेखी परीक्षेत 75 पैकी 31 आणि अंतर्गत मूल्यमापनात 25 पैकी 16, असे एकूण 47. पास व्हायला 50 हवेत. तीन गुणांनी विषय राहिला.

आमची बहीण म्हणाली, "भाईजान, ही रात्र-रात्र जागून वाचत होती. मी स्वतः पाहिलंय. मग गुण गेले कुठे?"

भाचीने बॅगेतून एक जाडजूड झेरॉक्सचा गठ्ठा काढला. कॉलेजजवळच्या दुकानात 'महत्त्वाचे प्रश्न' म्हणून तो मिळतो. तो दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या जुन्या पर्च्यांवरून बनवलेला होता. "मामू, निसाब तर सगळीकडे एकच आहे. मग पर्चे कुठलेही वाचले तर काय फरक पडतो?" असा तिचा सवाल होता.

सवाल रास्त होता. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, औषधनिर्माणशास्त्राशी आमचा संबंध दवाखान्याच्या चिठ्ठीपुरता. पण पर्चा कसा काढतात हे बी.एड.ला शिकलो आहोत आणि वीस वर्षे पर्चे काढतो आहोत. तेव्हा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगितली, चार-पाच विद्यापीठांचे पर्चे जमा केले आणि दस्तरखान उचलल्यावर त्याच जागी सगळे पसरून बसलो. त्या बैठकीत जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो. ज्यांच्या घरात कुणी बी.फार्म. करत असेल त्यांना ते जसेच्या तसे उपयोगी पडेल.

प्रथम निसाब खरोखर एकच आहे का ते पाहू. बी.फार्म.च्या बाबतीत तो एकच आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने साऱ्या देशासाठी एक अभ्यासक्रम ठरवून दिला आणि 2017-18 च्या सुमारास तो विद्यापीठांनी लागू केला. प्रत्येक विषयाला संकेतांक आहे. 'फार्मास्युटिकल अ‍ॅनालिसिस' पहिल्या सत्राला आहे आणि त्याचा संकेतांक BP102T. पर्च्यावर हा संकेतांक असेल तर निसाब तोच असे समजावे. तो नसेल तर पर्चा जुन्या अभ्यासक्रमाचा असू शकतो, म्हणून बाजूला ठेवावा. आम्ही गठ्ठ्यातली पहिली चाळणी याच संकेतांकाने केली. दुसरी चाळणी 2020 आणि 2021 च्या पर्च्यांची. करोनाच्या काळात बऱ्याच विद्यापीठांनी घरबसल्या बहुपर्यायी परीक्षा घेतल्या. त्या पर्च्यांवरून नेहमीच्या परीक्षेचा अंदाज येत नाही, म्हणून तेही वेगळे काढले.

या विषयाचे पाच घटक आहेत आणि कौन्सिलने प्रत्येकाला तास नेमून दिले आहेत. द्रावणांची तीव्रता, मोजमापातल्या चुका आणि अशुद्धींच्या चाचण्या हा पहिला घटक, 10 तासांचा. आम्ल-अल्क टायट्रेशन आणि पाण्याविना करायची टायट्रेशन हा दुसरा, 10 तास. अवक्षेप बनवणारी टायट्रेशन, धातू मोजायच्या पद्धती, ग्रॅव्हिमेट्री वगैरे तिसरा, 10 तास. रेडॉक्स टायट्रेशन चौथा, 8 तास. विजेच्या साहाय्याने मोजायच्या पद्धती पाचवा, 7 तास. एकूण 45 तास. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता पर्च्याचा आराखडा. कौन्सिलने तोही सुचवला आहे. वेळ तीन तास, गुण 75. पहिल्या भागाला 20 गुण असतात. त्यात एकेका गुणाचे वीस बहुपर्यायी प्रश्न विचारावेत किंवा दोन-दोन गुणांचे दहा छोटे प्रश्न, आणि दोन्हींत सगळे सोडवायचे. दुसऱ्या भागात दहा गुणांचे तीन दीर्घ प्रश्न, पैकी दोन लिहायचे. तिसऱ्या भागात पाच गुणांचे नऊ प्रश्न, पैकी सात लिहायचे. 20, 20 आणि 35 मिळून 75.

फरकाला इथूनच सुरुवात होते. कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पहिल्या भागासाठी दोन गुणांचे दहा प्रश्न घेतले. उत्तर प्रदेशातल्या अब्दुल कलाम प्राविधिक विद्यापीठानेही तेच केले. गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा साचा मात्र वेगळाच आहे. तिथे पर्चा 80 गुणांचा असतो, सात प्रश्न देतात आणि कोणतेही पाच सोडवायला सांगतात. प्रत्येक प्रश्न 16 गुणांचा, त्यात सहा, पाच आणि पाच गुणांचे तीन उपप्रश्न. आमच्या भाचीच्या विद्यापीठात वीस बहुपर्यायी प्रश्न असतात.

आता हे साचे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. सातपैकी पाच प्रश्न लिहायचे असतील तर 112 गुणांचे प्रश्न समोर असतात आणि 80 गुणांचे लिहायचे असतात. सक्तीचा असा एकही भाग नाही. न आलेले दोन अख्खे प्रश्न सोडून देता येतात. कौन्सिलच्या साच्यात 95 गुणांचे प्रश्न समोर असतात, 75 चे लिहायचे असतात आणि त्यातले 20 गुण सक्तीचे असतात. ते वीस गुण पाचही घटकांतून येतात. म्हणजे एका साच्यात एखादा घटक कच्चा राहिला तरी बरेचदा निभावते, दुसऱ्यात त्याची किंमत पहिल्याच पानावर मोजावी लागते.

भाचीच्या झेरॉक्स गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर कुणीतरी हाताने लिहिले होते, 'पहिले तीन घटक पक्के करा, शेवटचे दोन सोडले तरी चालेल.' तिने तसेच केले. गठ्ठा ज्या विद्यापीठाचा, तिथे पर्याय सढळ होता, त्यामुळे तिथे तो सल्ला कदाचित खपून गेला असेल. हिच्या विद्यापीठात तो कसा महाग पडला ते समजायला एक तक्ता करावा लागला.

आम्ही मास्तर लोक पर्चा काढण्याआधी जो तक्ता करतो त्याला संविधान तक्ता म्हणतात. कोणत्या घटकाला किती गुण, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, हे आधी ठरते आणि मग प्रश्न लिहिले जातात. आम्ही तोच उलटा केला. तयार पर्च्यावरून तक्ता बनवला. भाचीच्या विद्यापीठाचे चार परीक्षांचे पर्चे घेतले. उभ्या रकान्यात पाच घटक, आडव्या ओळीत तीन भाग. प्रत्येक प्रश्न वाचायचा, तो कोणत्या घटकातला ते ठरवायचे आणि त्याचे गुण त्या घरात टाकायचे. पर्यायातले प्रश्नही मोजायचे, कारण विद्यार्थी कोणता सोडेल हे आपल्याला माहीत नसते.

चार पर्च्यांत मिळून 380 गुणांचे प्रश्न. तासांच्या हिशेबाने वाटणी झाली असती तर पहिल्या तिन्ही घटकांना सुमारे 84-84 गुण, चौथ्याला 68 आणि पाचव्याला 59 यायला हवे होते. प्रत्यक्षात निघाले असे: पहिला घटक 92, दुसरा 78, तिसरा 96, चौथा 62, पाचवा 52. म्हणजे शेवटच्या दोघांना हिश्शापेक्षा थोडे कमीच. इथपर्यंत झेरॉक्सवाल्याचा सल्ला बरोबर वाटतो. भाचीही म्हणाली, "पाहा ना मामू!"

आम्ही म्हणालो, "थांब बेटा, आता भागवार पाहू."

दीर्घ प्रश्न चार पर्च्यांत मिळून बारा होते. त्यात चौथ्या घटकाचे दोन आणि पाचव्याचा एकच. एका पर्च्यात एक दीर्घ प्रश्न सोडता येतो, तेव्हा हे दोन घटक न करता निभावले असते. पाच गुणांचे प्रश्न छत्तीस होते. त्यात चौथ्याचे पाच आणि पाचव्याचे सहा, मिळून अकरा. दर पर्च्याला जवळजवळ तीन, आणि सोडायला मिळतात फक्त दोन. म्हणजे एक प्रश्न तयारी नसताना लिहावा लागणार. राहिला सक्तीचा भाग. त्यात चार पर्च्यांतल्या 80 गुणांपैकी चौथ्या घटकाचे 17 आणि पाचव्याचे 12, एकूण 29. दर पर्च्याला वीसपैकी सात गुण हातचे गेले. त्यात तो तयारीविना लिहिलेला पाच गुणांचा प्रश्न मिळवला तर नुकसान बारा गुणांच्या आसपास.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत आली तेव्हा सक्तीच्या भागात वीसपैकी 7 गुण होते. दीर्घ प्रश्नांत 9 आणि छोट्या प्रश्नांत 15. घटक सोडण्याचा फटका पहिल्या भागात स्पष्ट दिसला. पण 35 पैकी 15 कसे? ते प्रश्न तर बहुतेक तिने वाचलेल्या घटकांतले होते.

इथे दुसरा फरक येतो. तो घटकाचा नसून प्रश्नाच्या धाटणीचा आहे. 1956 मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली ती बी.एड. झालेल्या प्रत्येकाला पाठ असते. खालची पायरी आठवणे, मग समजणे, मग वापरणे आणि त्याच्या वर आणखी पायऱ्या. एकाच धड्यावरचा प्रश्न कोणत्या पायरीवर उभा आहे हे प्रश्नाच्या क्रियापदावरून बहुतेक वेळा कळते. 'व्याख्या लिहा', 'कृती सांगा', 'कारण द्या', 'काढा' या प्रत्येकाची मागणी वेगळी आहे.

उदाहरण म्हणून तिसऱ्या घटकातली मोहरची पद्धत घेऊ. मिठाच्या द्रावणात मीठ किती हे मोजायची ही पद्धत. द्रावणात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकतात आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडतात. आधी पांढरा सिल्व्हर क्लोराईड खाली बसतो. क्लोराईड संपले की सिल्व्हर क्रोमेटचा विटकरी लाल रंग दिसतो आणि तिथे थांबायचे.

यावर पाच गुणांचा प्रश्न तीन तऱ्हांनी विचारता येतो. पहिली तऱ्हा, 'मोहरची पद्धत तत्त्वासह सांगा.' वर लिहिले तेच समीकरणांसह लिहिले की काम झाले. भाचीच्या गठ्ठ्यात बहुतेक प्रश्न या तऱ्हेचे होते आणि तिने त्यांची उत्तरे तोंडपाठ केली होती.

दुसरी तऱ्हा, 'मोहरच्या पद्धतीत पीएच साधारण 6.5 ते 9 च्या दरम्यान का ठेवतात?' आता कृती सांगून चालत नाही. द्रावण आम्लधर्मी झाले तर क्रोमेटचे रूप बदलून डायक्रोमेट होते, क्रोमेट कमी पडते आणि लाल रंग उशिरा दिसतो. फार अल्कधर्मी झाले तर सिल्व्हर स्वतःच ऑक्साईड बनून खाली बसते. दोन्ही बाजूंनी मोजमाप चुकते. हे लिहायला पद्धत पाठ असून भागत नाही, कशाने काय होते ते ठाऊक असावे लागते.

तिसरी तऱ्हा गणिताची. 'सलाईनच्या 10 मिली नमुन्याला 0.1 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटचे 15.4 मिली लागले. सोडियम क्लोराईडचे शेकडा प्रमाण काढा.' 0.1 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटचा 1 मिली म्हणजे 5.844 मिलिग्रॅम मीठ. 15.4 ला 5.844 ने गुणले की 90 मिलिग्रॅम येतात. 10 मिलीत 90 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलीत 900 मिलिग्रॅम, म्हणजे 0.9 टक्के. दवाखान्यात लावतात ती नॉर्मल सलाईन याच प्रमाणाची असते. ज्याला हे ठाऊक आहे त्याला आपले उत्तर बरोबर आल्याची खात्रीही पटते.

घटक तोच, गुण तेवढेच, पुस्तकातले पानही तेच. तरी पहिले उत्तर पाठ करून येते, दुसरे समजून येते आणि तिसरे हाताला सराव असेल तरच येते. भाचीच्या विद्यापीठाच्या छत्तीस छोट्या प्रश्नांपैकी तेरा दुसऱ्या-तिसऱ्या तऱ्हेचे होते. गठ्ठ्यातल्या तितक्याच प्रश्नांत तसे फक्त चार. उत्तरपत्रिकेत आम्हाला दोन ठिकाणी दिसले की प्रश्नाने कारण विचारले आहे आणि भाचीने पानभर सुंदर अक्षरात कृती लिहिली आहे. पाचपैकी एक गुण. तपासणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. तीन तास म्हणजे 180 मिनिटे, त्याला 75 ने भागले की एका गुणाला 2.4 मिनिटे. म्हणजे पाच गुणांच्या प्रश्नाला 12 मिनिटे आणि दीर्घ प्रश्नाला 24 मिनिटे. 80 गुणांच्या पर्च्यात एका गुणाला सव्वादोन मिनिटे, म्हणजे फारसा फरक नाही. फरक आहे तो तुकड्यांचा. सातपैकी पाच प्रश्नांच्या साच्यात पंधरा उत्तरे लिहायची. दोन गुणांचे दहा प्रश्न असतील तर एकोणीस. बहुपर्यायी वीस असतील तर एकोणतीस, पण त्यातली वीस नुसती निवडायची, म्हणून तिथे वेळ वाचतो आणि तो गणितांना देता येतो. भाचीने उलट केले. दीर्घ उत्तरांच्या सवयीने पहिला दीर्घ प्रश्न पाऊण तास लिहीत बसली आणि दुसरा अर्धवट राहिला.

ज्यांना असा तक्ता घरी करायचा आहे त्यांनी त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. एका पर्च्यावरून काहीही ठरवू नये. एखाद्या वर्षी पर्चा काढणाराच बदललेला असतो. निदान चार परीक्षांचे पर्चे हवेत. दुकानातले काही पर्चे विद्यार्थ्यांनी आठवून टाईप केलेले असतात. त्यात गुणांचे आकडे आणि 'किंवा' कुठे आहे हेच चुकते. गुणांची बेरीज 95 येत नसेल तर तो पर्चा अधुरा समजावा.

दुसरी मर्यादा मोठी आहे. पर्चा वाचून त्याची धाटणी कळते, खरी काठिण्य पातळी कळत नाही. आमच्या शास्त्रात एखाद्या प्रश्नाची काठिण्य पातळी शंभरातल्या किती मुलांना तो आला यावर मोजतात, आणि त्यासाठी उत्तरपत्रिका लागतात. ज्या कॉलेजात प्रयोगशाळेत मोहरचे टायट्रेशन मुलांनी स्वतः केले, तिथे पीएचचा प्रश्न सोपा. जिथे फळ्यावरच झाले, तिथे तोच अवघड. म्हणून 'अमुक विद्यापीठाचा पर्चा सोपा, तमुकचा कठीण' असे पर्चे चाळून सांगणाऱ्यांवर फार भरोसा ठेवू नये. निकालाच्या टक्केवारीवरूनही ते ठरत नाही, कारण तपासण्याची पद्धत जागोजागी वेगळी असते.

मग दुसऱ्या विद्यापीठाचे पर्चे फेकून द्यावेत का? नाही. भाचीला आम्ही सांगितले, "तुझ्या विद्यापीठाचे पर्चे हा तुझा आराखडा. कशाला किती वेळ द्यायचा आणि काय सोडायचे हे त्यांवरूनच ठरव. बाकीच्यांचे पर्चे सरावासाठी ठेव. दोन गुणांचे दहा प्रश्न विचारणाऱ्यांचे पर्चे घे आणि त्यांतल्या प्रत्येक प्रश्नावर स्वतः चार पर्याय तयार कर. तीन चुकीचे पर्याय सुचायला बरोबर उत्तर नीट समजलेले असावे लागते."

दीर्घ प्रश्नांसाठी तो जुना गठ्ठाही कामी आला. प्रत्येक 'सांगा' च्या खाली तिने स्वतःच्या हाताने दोन प्रश्न लिहिले, एक 'का' चा आणि एक आकड्यांचा. पाचव्या घटकाचा दीर्घ प्रश्न मात्र तिने जाणूनबुजून सोडला, कारण चार पर्च्यांत तो एकदाच आला होता. त्यातल्या व्याख्या, आलेख आणि छोटे प्रश्न तिने पक्के केले. घटक अर्धा सोडायचा तर कोणता अर्धा, हे तिला आता तक्त्यावरून कळत होते.

तिने पुन्हा परीक्षा दिली. अंतर्गत गुण तेच 16 राहिले. लेखीत 31 चे 46 झाले. त्यात सक्तीच्या भागात वीसपैकी 15.

परवा तिचा फोन आला. दुसऱ्या सत्राचे पर्चे जमवले आहेत, म्हणाली, पण एकाची बेरीज 90 च येते आहे. आम्ही म्हणालो, "मग तो बाजूला ठेव आणि दुसरा शोध."